उपास, उजळणी आणि अयोग्य विधान

पुण्याच्या सदाशिव पेठेत एकादशी आल्याचं कळायला कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी साडेआठला जिन्यातून जिऱ्याच्या फोडणीचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास वर यायला लागला, की समजायचं, आज निम्मी अभ्यासिका देवाच्या सेवेत आहे. वास दुपारी एकपर्यंत वाढत जातो आणि दोनच्या सुमाराला त्याचा परिणाम दिसू लागतो. आधी तिसऱ्या रांगेतल्या एकाची मान कलते, मग त्याच्या शेजारच्याची. पावणेतीनला मी चक्कर मारतो, तेव्हा भारताची राज्यघटना किती मुलांनी उशी म्हणून अंगीकृत केली आहे, ते सरळ मोजता येतं.

या अभ्यासिकेत देखरेखीला बसणं हे माझं काम. फी घ्यायची, पंख्याच्या वेगावरून होणारी भांडणं मिटवायची, मोबाइल वाजला की नुसतं बघायचं, आणि कुणी घोरायला लागलं तर शेजारच्यांच्या वतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. शेवटचं काम एरवी किरकोळ असतं. उपासाच्या दिवशी मात्र तोच पूर्णवेळ धंदा होतो. मुलं सगळी एमपीएससीची, गावोगावची. त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. बीडकर, सांगलीकर, नांदेडकर, एवढ्यावर भागतं. पोस्ट मिळाली की मग नाव लागतं, असं सांगलीकर म्हणतो.

उपासाच्या दिवशी अभ्यास का होत नाही, याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं: पोटात अन्न नाही, डोकं कसं चालणार? इतकी वर्षं टेबलामागे बसून बघतो आहे, आणि माझा या उत्तरावर विश्वास उरलेला नाही. निरोगी मोठ्या माणसांवर झालेले बरेचसे अभ्यासही असंच सांगतात की एखादं जेवण चुकल्याने किंवा अर्धा दिवस पोट रिकामं राहिल्याने स्मरण आणि विचारशक्ती फारशी घसरत नाही. घसरते ती शाळकरी मुलांची जास्त, आणि मोठ्यांची घसरलीच तर दिवस कलायला लागल्यावर. म्हणजे सकाळी नऊला पुस्तक मिटून ‘आज उपास आहे’ म्हणणारा जो असतो, त्याचा उपास अजून सुरूच झालेला नसतो. रात्रीचं जेवण दहाला झालेलं, एरवीही हा साडेनऊपर्यंत काही खात नाही. उपासाच्या नावावर आळसाची उधारी चाललेली असते.

दुपारी दोनला जे आडवे होतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे पोट रिकामं नसतं, भरलेलं असतं. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली तो नक्की कुठल्या तरी अभ्यासिकेत देखरेखीला असणार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सत्त्याऐंशीच्या आसपास ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. जे काही सत्त्व असतं ते दाण्याच्या कुटात. पण खानावळवाल्यालाही शेंगदाण्याचा भाव माहीत असतो, त्यामुळे कूट हात आखडून आणि तूप, बटाटा हात सोडून. त्यावर पापड्या, त्यावर गोड लस्सी. एवढं एकदम पोटात गेलं की साखर झपाट्याने चढते, तशीच उतरते, आणि एरवीही माणसाला दुपारी एक ते चारमध्ये जी नैसर्गिक पेंग येते, ती नेमकी याच्या जोडीला येऊन बसते. देवाचा यात काही हात नाही.

तिसरा गुन्हेगार सगळ्यात साधा: पाणी. उपासाच्या दिवशी जेवण नाही म्हणून ताट नाही, ताट नाही म्हणून तांब्या नाही. दुपारी डोकं ठणकायला लागलं की मुलगा म्हणतो, ‘पित्त झालं सर.’ त्याची बाटली बघावी तर सकाळी भरली तशीच गळ्यापर्यंत भरलेली. ज्या उपासाला पाणी चालतं, त्या दिवशी मी आता पुस्तकं बघत नाही, बाटल्या बघतो.

आता बीडकराची हकीकत सांगतो, म्हणजे हे सगळं एका जागी दिसेल.

बीडकर शिस्तीचा मुलगा. त्याचं वेळापत्रक टेबलावर काचेखाली असतं, चार रंगांच्या पेनांनी काढलेलं. रोज दहा तास. सकाळी अर्थव्यवस्था, मग राज्यघटना, दुपारी दोन ते पाच सीसॅट, संध्याकाळी उजळणी. सीसॅट म्हणजे पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर: दोन तासांत ऐंशी प्रश्न, त्यात लांबलचक उतारे, तर्क आणि अंकगणित. फक्त पात्रतेपुरता असतो, तेहतीस टक्के पडले की झालं, आणि त्या तेहतीस टक्क्यांनी भल्याभल्यांना घरी पाठवलं आहे. आषाढी एकादशीला बीडकराने तेच वेळापत्रक जसंच्या तसं चालवलं. सकाळी काही खाल्लं नाही, कारण ‘एकदाच खायचं’ असं ठरवलेलं. एक वाजता वर सांगितलेली थाळी, तीही दुप्पट. दोनला उतारे उघडले.

पाच वाजता त्याने वीस प्रश्नांचा सराव तपासला. एरवी चौदाच्या आसपास बरोबर येणारा मुलगा, नऊवर आला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, निकालच लागला. मी म्हटलं, ‘बरोबर किती ते सोड, चुकलेले कुठले ते दाखव.’ अकरा चुकलेले. त्यांतल्या चारांची उत्तरं त्याला खरोखर येत नव्हती, ती एरवीही आली नसती. उरलेली सात येत होती. त्या सातांपैकी पाच ठिकाणी प्रश्न होता ‘अयोग्य विधान ओळखा’, आणि याने इमानदारीने योग्य विधान ओळखून ठेवलेलं.

एमपीएससीची परीक्षा ज्यांनी दिलेली नाही त्यांना या ‘अयोग्य’मधल्या ‘अ’चं माहात्म्य कळणार नाही. एवढा एक स्वर, पण चुकला की त्या प्रश्नाचे गुण जातातच, शिवाय चुकीच्या उत्तरामागे प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. थकलेलं डोकं विसरत नाही, ते घाई करतं. वाक्याचा शेवट वाचण्याआधीच ते उत्तर देऊन मोकळं होतं. म्हणून उपासाच्या दिवशी आपलं किती चाललं आहे हे बघायची माझी परीक्षा सोपी आहे: चुकांचे दोन ढीग करायचे, ‘येत नव्हतं’ आणि ‘येत होतं’. पहिला ढीग वाढला तर तो अभ्यासाचा प्रश्न. दुसरा वाढला तर तो पोटाचा, पाण्याचा नाहीतर झोपेचा, आणि त्या दिवशी पुस्तकाशी आणखी झटापट करण्यात अर्थ नाही. याहून आधी येणारी खूण म्हणजे एकच ओळ तिसऱ्यांदा वाचणं. दुसऱ्यांदा वाचणं माणसाचा हक्क आहे. तिसऱ्यांदा वाचायला लागलात की काम बदला.

काम बदला म्हणजे मोबाइल काढा असं नव्हे. इथे मुलांची मोठी गल्लत होते. अवघड काम झेपत नाही म्हणून सोपं घ्यायचं, तर सोपं म्हणजे काय? बहुतेकांच्या लेखी सोपं म्हणजे कुठल्या तरी सरांचं व्याख्यान दुप्पट वेगाने लावून कानात बोंडं घालून भिंतीला टेकणं. वीस मिनिटांनी सर बोलत असतात आणि शिष्य समाधीत असतो. दुसरं सोपं काम म्हणजे नोट्स पुन्हा सुबक अक्षरात उतरवून काढणं, हिरव्या पेनाने अधोरेखन करणं, वहीला कव्हर घालणं. संध्याकाळी वही सुंदर दिसते, एवढंच. उपासाच्या दुपारी चालणारं सोपं काम ते, ज्यात डोक्याला आधीच माहीत असलेलं बाहेर काढायचं असतं आणि हात हलता ठेवायचा असतो. कोरा नकाशा घेऊन गोदावरीच्या उपनद्या भरायच्या. आपल्याच चुकांची वही काढून जुने चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे. घटनेतली कलमं, आयोगांची वर्षं, समित्यांचे अध्यक्ष उत्तर झाकून म्हणायचे. नवं काही शिरवायचं नाही. मौद्रिक धोरण भरल्या पोटी समजत नाही, ते साबुदाण्यावर काय समजणार.

सोप्या कामातसुद्धा एक सुरुंग आहे, तो नांदेडकराने शोधला. श्रावणी सोमवारी, दुपारी तीनला, त्याने उजळणीसाठी भौगोलिक मानांकनाची यादी काढली. परीक्षेला हमखास येणारी, नुसती पाठ करायची, त्यामुळे वरकरणी अगदी योग्य निवड. पण यादी काय आहे? मंगळवेढ्याची ज्वारी, जळगावची भरताची वांगी, नवापूरची तूरडाळ, कोल्हापूरचा गूळ, लासलगावचा कांदा. जळगावपर्यंत तो टिकला. मग पेन खाली ठेवून मला म्हणाला, ‘सर, भाकरी, भरीत आणि वर कच्चा कांदा. ही यादी आयोगाने काढली आहे की खानावळीने?’ उपाशी माणसाचं लक्ष खाण्याच्या उल्लेखाने जास्त उडतं, यात त्याचा दोष नाही. तेव्हापासून कृषी, पिकं, मानांकनं आणि सार्वजनिक वितरण व्यवस्था उपासाच्या दिवशी आमच्याकडे वर्ज्य. त्याऐवजी खनिजं करावीत. मँगनीजने कुणाच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी बघितलेलं नाही.

पुढच्या एकादशीला बीडकराचं वेळापत्रक आम्ही दोघांनी बसून केलं. आदल्या दिवशीच, कारण उपासाच्या दिवशी केलेलं वेळापत्रक हेसुद्धा अभ्यास टाळण्याचंच एक साधन असतं. पहिली अडचण ‘एकदाच खायचं’ ही होती. त्यावर धर्मनिर्णय देण्याचा अधिकार मला नाही, म्हणून बीडला फोन लावला. आईने क्षणभर विचार केला नाही. ‘एकदाच ते जेवण रे. फराळ म्हणजे जेवण नव्हं. कितींदा बी खा, पण थोडं थोडं खा.’ साऱ्या शास्त्रात आहारतज्ज्ञाला पटेल असा हा एकच निर्णय मी ऐकला आहे.

तर पहाटे साडेपाचला उठून एक केळं, कपभर दूध आणि मूठभर भाजलेले दाणे. तीस ग्रॅम दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, ती दुपारपर्यंत सोबत करतात. सहा ते साडेआठ हा दिवसातला सगळ्यात महाग वेळ, त्यात सगळ्यात अवघड विषय, अर्थव्यवस्था. पण एरवी तो तास-तासभर बसायचा, ते चाळीस मिनिटांवर आणलं, मधे दहा मिनिटं मोकळी. नऊला राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. मग साडेबारापर्यंत राज्यघटना, तीही नवीन धडा नाही, मागच्या वर्षांचे प्रश्न घेऊन अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठका. साडेबाराला खिचडी, निम्मी, सोबत वाटीभर दही आणि काकडी. दही-दाणे असले की तीच खिचडी सावकाश पचते आणि माणूस लगेच ढेपाळत नाही. लस्सी रद्द, पापड्या रद्द. पापड्या रद्द करताना त्याने जो चेहरा केला तो लक्षात आहे.

एक ते एक पंचवीस झोप. राजरोस, गजर लावून, खुर्चीत. पेंग येणारच आहे तर तिला वेळ ठरवून द्यावी, म्हणजे ती राज्यघटनेवर पडत नाही. अर्ध्या तासाच्या पुढे मात्र जाऊ द्यायची नाही. तास-दीड तासाने उठवलेला माणूस पुढचा अर्धा तास आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत ते आठवत बसतो. दोन ते चार नकाशे आणि चुकांची वही. चारला चहा आणि राजगिऱ्याचा लाडू. साडेचार ते सहा फक्त अंकगणित, ओळखीच्या प्रकारांची उदाहरणं. उतारे अजिबात नाहीत. ते त्याने आदल्या दिवशी तासभर जास्त करून ठेवले होते. सहा वाजता पुस्तक बंद, मग देवळात जा नाहीतर नुसता फिर. मधल्या सुट्ट्या सोडल्या तर दहा तासांचे सात तास झाले. चार वाजता मी त्याला तसेच वीस प्रश्न सोडवायला दिले. तेरा बरोबर. चुकलेल्या सातांत ‘येत होतं’वाले दोनच, आणि त्यांतला एक अयोग्य विधानाचा. तो एक बहुधा जन्मभर राहील.

दहाचे सात झाले याची मुलांना फार टोचणी लागते. शेजारचा दहा तास बसला, आपण सातच. पण एकादशीला दहा तास बसलेल्या त्या शेजाऱ्याच्या मानेचा कोन मी बघितलेला असतो.

एक मात्र खरं, सगळ्या उपासांना हा एकच साचा चालत नाही. उपास कुठला यापेक्षा तो कधी सुटतो, याला जास्त महत्त्व आहे. श्रावणी सोमवार संध्याकाळी सुटतो, तेव्हा दिवसभर जपून राहिलं की रात्री आठनंतर तास-दोन तास मिळतात. संकष्टीचं गणितच निराळं. ती चंद्रोदयाला सुटते आणि चंद्रोदय बहुधा रात्री साडेआठच्या पुढेच, कधी दहालाही. सात वाजल्यापासून मुलं पुस्तकात नसतातच. एक जण गच्चीवर, एक जण पंचांगाचं अ‍ॅप उघडून, एक जण खाली मोदकाची चौकशी करायला गेलेला. पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसत नाही, मग पंचांगातली वेळ पुण्याची धरायची की गावाकडची, यावर परिसंवाद होतो. रेखांशाने वेळ कशी बदलते हे भूगोलाचं प्रकरण त्या अर्ध्या तासात जितकं पक्कं होतं तितकं वर्गात होत नाही, पण तेवढंच. संकष्टीला संध्याकाळनंतरचा अभ्यास हिशेबातच धरू नये, सगळं पाचच्या आत उरकावं.

नवरात्राची बात आणखी वेगळी. तिथे एक दिवस कमी करून भागत नाही, नऊ दिवस काढायचे असतात. उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस करणाऱ्यांचा प्रश्न नाही. धान्यफराळ करणारेही बरे, भाजलेल्या धान्याचं का होईना खातात. अवघड असतात ते कडक नऊ दिवसवाले, आणि त्यांतही ज्यांनी देवीला चहा वाहिलेला असतो. बाकी सगळं सोडा पण चहा सोडू नका, असं मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी चहाच सोडतो, कारण त्यागात वजन हवं. रोज पाच कटिंग घेणाऱ्याने घटस्थापनेच्या सकाळी एकदम बंद केला की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि हे आठवडाभरही चालू शकतं. म्हणजे ललिता पंचमीपर्यंत मुलगा कपाळाला बाम लावून बसलेला. त्याला वाटतं, उपास बाधला. बाधलेला असतो चहा. नवसच असेल तर पितृपक्षातच कमी करत आणावा, पाचाचे चार, चाराचे तीन, दर दोन-तीन दिवसांनी एक कप. पितरांची काही हरकत नसते.

नवरात्रात रोजचे तास एकदम निम्मे करू नयेत, कारण शरीर तीन-चार दिवसांत त्या लयीला लागतं. पहिले चार दिवस उजळणीचे ठेवले आणि नव्या प्रकरणाला पाचव्या दिवशी हात घातला तर बहुतेकांना पेलतं. पूर्ण पेपर वेळ लावून सोडवण्याचा सराव मात्र दसऱ्यानंतर. दोन तासांच्या पेपरात उपासाच्या दिवशी मिळालेले गुण आपल्याला स्वतःबद्दल काहीही खरं सांगत नाहीत, नुसते रडवतात.

या सगळ्या विषयातला खरा जाणकार आमच्याकडे एक लातूरकर होता. रमजानचा महिनाभर रोजे, पाण्याचा थेंब नाही, आणि तरी त्याची मान मी कधी कललेली बघितली नाही. कारण त्याचं वेळापत्रक घड्याळ बघून ठरवलेलं नसायचं, पोट बघून ठरवलेलं असायचं. सेहरीत तो पराठ्याबरोबर अंडी आणि दही खायचा, पाणी भरपूर. फजरची नमाज झाली की तिथून नऊपर्यंत सगळ्यात कठीण विषय, तेव्हा आमची निम्मी अभ्यासिका अजून दात घासत असायची. दुपारी दोनला सरळ खोलीवर जाऊन झोप. चार ते सहा नुसती पाठांतरं, म्हणायचा, ‘सर, या वेळेला माझ्याकडून नवीन कायदा समजून घ्यायची अपेक्षा संसदेनेही करू नये.’ इफ्तारला खजूर, पाणी, थोडंसं फळ. लगेच भरपेट जेवत नसे. रात्री तरावीह आटोपून एक तास. महिनाभर हे चालवायचं तर हट्टाने चालत नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आपल्याकडे उपास बहुधा एका दिवसाचा असतो, त्यामुळे शिकायला वेळ मिळत नाही, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच चूक ताजी असते.

हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्या मुलींशी मी वाद घालत नाही, कारण हरतो. तेवढ्या दिवसाला अर्धा दिवस धरावा: सकाळी लवकर तीन-चार तास, तेही उजळणी, आणि दुपारी सरळ घरी जावं. ऊन असताना जिने चढ-उतर करू नयेत. चक्कर, थंड घाम, हात थरथरणं, बोलताना शब्द अडखळणं, यातलं काही दिसलं तर तिथे व्रत संपलं, साखर-पाणी आधी आणि गौरीला सांगणं मागाहून. इन्सुलिन घेणाऱ्याने, तापातून उठलेल्याने मुळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासाच्या भानगडीत पडू नये. आणि भगर. मराठवाड्यात महाशिवरात्रीला, नवरात्रात भगरीच्या पिठातून विषबाधेच्या बातम्या वरचेवर येतात. सुटं, जुनं पीठ, त्यावर बुरशी धरलेली, कुणाला दिसत नाही. भगर बंद पाकिटातली घ्यावी, निवडून धुऊन घ्यावी, पीठ हवं तर घरीच ताजं दळावं. कडवट लागली तर देवाच्या नावाने गिळू नये. अभ्यासाचा एक दिवस हुकला तर भरून काढता येतो, सलाइनवर गेलेला आठवडा जड जातो.

परीक्षाच उपासाच्या दिवशी आली तर काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यावर मराठी घरांनी शोधलेला तोडगा कुठल्याही नियोजनापेक्षा वरचढ आहे: आई सांगते, ‘तुझ्या वाटचा उपास मी करते, तू जेवून जा.’ उपास असा बदलीवर देता येतो हे ज्याने ठरवलं त्याला प्रशासन कळत होतं. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी निदान पेपरच्या दोन तास आधी ओळखीचंच काहीतरी थोडं खावं. केंद्राबाहेरच्या गाडीवरची उपासाची कचोरी हा प्रयोगाचा दिवस नव्हे.

इतकं सगळं केल्यावर उपासाचा दिवस निभावतो. पण माझं रजिस्टर वेगळंच दुखणं दाखवतं. एकादशीला मुलं येतात, डुलक्या घेत का होईना बसतात. रिकाम्या खुर्च्या दिसतात त्या द्वादशीला. पारण्याच्या सकाळी खानावळीत वरण-भात, तूप, भरली वांगी, जिलबी, आणि दिवसभर राखलेला संयम एका बैठकीत फेडून घेतलेला. नवरात्रानंतर दसऱ्याला तर श्रीखंड-पुरी. बीडकरसुद्धा त्या द्वादशीला दुपारी तीनला उगवला, डोळे सुजलेले.

‘वेळापत्रक एकादशीचं केलं होतं ना आपण,’ तो म्हणाला. ‘द्वादशीचं कुठे ठरलं होतं?’

मी त्याच्या काचेखालचा कागद काढून मागे कोरी बाजू आहे का ते बघितलं. नव्हती. खनिजांची यादी त्याने तिथे लिहून ठेवली होती, मँगनीज, बॉक्साइट, आणि त्यांच्याखाली हिरव्या पेनाने, दोनदा अधोरेखन करून: जिलबी.